घामाचं खातं वेगळं, सुवासाचं खातं वेगळं



दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून चार दिवस घरी आला होता. वय चोवीस. दुचाकीच्या एका शोरूममध्ये नोकरी, पगार सतरा हजार. कात्रजला तिघांत एक खोली, आणि तिथून हडपसरपर्यंत रोज बसचा प्रवास. पहिल्याच सकाळी आंघोळ करून तो खोलीत गेला आणि आतून 'फुस्स' असा लांबच लांब आवाज आला. दोन मिनिटांत वास माजघरात. सासूबाईंना दम लागतो, त्यांना खोकल्याची उबळ आली. मी चिडले. म्हटलं, "अरे, डास मारतोयस की कपडे घालतोयस? एवढ्या पगारात हे शौक कशाला?"

तो काही बोलला नाही. रात्री सगळे झोपल्यावर मी ओटा पुसत होते तेव्हा पाणी प्यायला आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "मोठी आई, शौक नाही गं. मला सरांनी गिऱ्हाइकांपासून मागे ठेवलंय. म्हणाले, तुझ्या अंगाला वास येतो."

पोरगा रोज आंघोळ करतो. तरी दुपारनंतर आपल्या अंगाला वास येतो हे त्याला कुणी तरी चारचौघांत सांगितलं होतं. तेव्हापासून तो बॅगेत डबा घेऊन फिरत होता, सकाळी एकदा आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा एकदा. आणि मी मात्र त्याला काटकसरीवर व्याख्यान दिलं होतं. मला फार वाईट वाटलं. मग म्हटलं, आपण बी.कॉम. आहोत, चाळीस वर्षं घराचा जमाखर्च लिहितोय, तर याचा हिशोब तरी नीट मांडून देऊ.

आधी वास कुठून येतो ते पाहू

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेत घामाच्या काही वेगळ्या ग्रंथी असतात आणि त्या वयात येताना जाग्या होतात. लहान मुलाला उन्हात कितीही घाम आला तरी तसा वास येत नाही, तो याचमुळे. या ग्रंथींचा घाम थोडा स्निग्ध असतो. काखेत राहणारे जंतू तो फोडतात आणि त्यातून तो उग्र वास तयार होतो. म्हणजे वासाला तीन गोष्टी लागतात: घाम, जंतू आणि थोडा वेळ.

त्यात पुतण्याचा गणवेश पॉलिएस्टरचा. असे दोनच शर्ट त्याला मिळालेले. पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि वास मात्र धरून ठेवतं. धुऊन वाळलेला शर्ट कोरडा असताना चांगला वाटतो, पण अंगाच्या उबेने पुन्हा वास मारायला लागतो. त्याचा शर्ट काखेपाशी नाकाला लावला तेव्हा माझ्या लगेच लक्षात आलं. पोराची आंघोळ पुरेशी होती, शर्टाची होत नव्हती.

आता या सगळ्यावर वरून सुगंध मारला तर काय होतं? घामाचा वास जात नाही, त्यात दुसरा वास मिसळतो. बसमध्ये हा मिश्र वास आपण सगळ्यांनी घेतलाय.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. घाम आवरणं हे एक काम आणि सुगंध लावणं हे दुसरं. दोन्हींची खाती वेगळी ठेवली की कुठे पैसे वाया जातात ते आपोआप दिसतं.

बॉडी स्प्रेचा डबा वजनकाट्यावर

दुसऱ्या दिवशी मी त्याचा डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. फवारण्याआधी १३१ ग्रॅम. मग त्याला म्हटलं, रोज मारतोस तसंच मार, पण अंगणात जाऊन. दोन्ही काखा, छाती, मग शर्टावर पुढून आणि मागून. परत ठेवला तर १२६ ग्रॅम. एका सकाळी ५ ग्रॅम गेले. दुपारचा फवारा थोडा कमी, ३ ग्रॅम धरू. म्हणजे रोजचे ८ ग्रॅम.

डब्यावर निव्वळ वजन १०० ग्रॅम लिहिलं होतं. तो १२-१३ दिवसांत संपणार हे उघड आहे. किंमत २२५ रुपये. रोजचे १८ रुपये, महिन्याचे ५४०. सतरा हजारांतून खोलीचं भाडं, खानावळ आणि बसचा पास वजा केल्यावर ५४० रुपये ही लहान रक्कम नाही.

आणि त्या १०० ग्रॅममध्ये सुगंध किती? डब्यामागची बारीक अक्षरं भिंगाने वाचा. आधी ब्युटेन, प्रोपेन यांसारखे वायू असतात, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच जातीचे. ते आतला माल बाहेर ढकलायचं काम करतात आणि हवेत उडून जातात. मग अल्कोहोल, तेही उडून जातं. सुगंधाचा भाग त्यात अगदी थोडा. आपण दिलेल्या पैशांचा बराचसा भाग असा हवेत जातो. फवारल्यावर जो थंडावा लागतो तो या उडून जाण्याचाच आहे.

या डब्याबद्दल दोन सूचना. एक, तो जळणाऱ्या वायूचा दाबाखालचा डबा आहे. दिव्याजवळ, देवघरापाशी, गॅसच्या शेगडीजवळ फवारू नका आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. दुसरी, काखेला अगदी चिकटवून मारला तर त्वचा पोळल्यासारखी होते. वीतभर अंतर हवं.

बिनगॅसचे, पंप दाबून मारायचे स्प्रे आता बाजारात आहेत. शेजारच्या मुलाकडे १२० मिलीची बाटली होती, २६० रुपयांची. तिचे दहा फवारे मोजून मारले तर सव्वा ग्रॅमच्या आसपास गेलं. रोज सहा फवारे धरले तर ती बाटली चार महिन्यांच्या वर चालते, रोजचे साधारण दोन रुपये. इथे मला माझं मत बदलावं लागलं. मी सगळेच स्प्रे महाग समजत होते, पण महाग पडतो तो गॅसचा डबा. पंपाच्या बाटलीचा सुगंध काही तासांत उतरतो आणि दुपारी परत मारावासा वाटतो, पण मारला तरी रोजचे चार रुपये. तो अठरांपेक्षा कितीतरी परवडला.

मात्र गॅसचा असो की बिनगॅसचा, स्प्रे मुख्यतः सुगंधाच्या खात्यातली वस्तू आहे. घामाचं काम तो जेमतेम करतो.

घामाचं खातं: रोल-ऑन, स्टिक आणि आपली तुरटी

दुकानात काखेला लावायच्या म्हणून ज्या वस्तू मिळतात त्यांत दोन जाती आहेत आणि विकणाऱ्या मुलालाही बहुतेक वेळा फरक सांगता येत नाही. डिओडरंट जंतूंना आवरतं आणि वास झाकतं, घाम येतच राहतो. अँटिपर्स्पिरंट घामच कमी करतं. त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात, बहुधा ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट. ते घामाच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी तात्पुरता बोळा बसवतात. एक-दोन दिवसांत तो आपोआप निघून जातो. नुसतं 'डिओडरंट' लिहिलेल्या स्टिकमध्ये हे क्षार नसूही शकतात, म्हणून मागची यादी वाचूनच घ्या. ज्याचा शर्ट काखेत ओला होतो त्याने अँटिपर्स्पिरंट घ्यावं. ज्याला घाम बेताचा पण वास येतो, त्याला साधं डिओडरंट पुरतं.

लावायची वेळ महत्त्वाची आहे. बहुतेक मुलं सकाळी आंघोळीनंतर ओल्या काखेत घाईने फिरवतात आणि लगेच शर्ट चढवतात. मग अर्धं शर्टाला लागतं, पिवळे डाग पडतात आणि "याचा काही उपयोग होत नाही" म्हणून बाटली कोपऱ्यात जाते. अँटिपर्स्पिरंट रात्री झोपताना, कोरड्या काखेत लावायचं. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे ते क्षार नळीत नीट बसतात. सकाळच्या आंघोळीने त्याचा गुण जात नाही. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा त्याला खरं वाटेना. पाच-सहा दिवस करून बघ म्हटलं.

रोल-ऑन की स्टिक? कमी पैशांत रोल-ऑन. मी त्याला ५० मिलीची बाटली १९० रुपयांना घेऊन दिली आणि तळाशी पेनाने तारीख लिहिली. ती ७६ दिवस पुरली, म्हणजे रोजचे अडीच रुपये. रोल-ऑन वाळायला दोन-तीन मिनिटं लागतात, एवढाच त्याचा त्रास. स्टिक कोरडी लागते, बॅगेत सांडत नाही, पण बहुधा महाग पडते, काळ्या शर्टावर पांढरे ओरखडे उठवते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात मऊ पडते. शिवाय स्टिक घट्ट करायला जे स्टिअरेट वापरतात ते वनस्पतीच्या तेलापासूनही होतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. आपल्या घरांत हे पाहिलंच जातं. वेष्टनावर हिरवा ठिपका असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर मी घेत नाही.

आणि ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत त्याच्यासाठी तुरटी. न्हाव्याकडे असते तीच. खडा ओला करायचा, स्वच्छ काखेत चार-पाच वेळा फिरवायचा, वाळू द्यायचा. तुरटी स्तंभक आहे आणि जंतूंनाही आवरते. वीस-तीस रुपयांचा खडा वर्षभर झिजता झिजत नाही. पण ती घाम अँटिपर्स्पिरंटइतका थांबवत नाही, आणि वस्तरा फिरवलेल्या किंवा खरचटलेल्या जागी झोंबते. घाम फार नसलेल्या मुलाला ती पुरते. पुतण्याला पुरली नसती.

सुवासाचं खातं: अत्तर

आमच्या लहानपणी दिवाळीच्या अभ्यंगानंतर वडील मनगटामागे अत्तर लावायचे आणि उरलेला कापसाचा फाया कानात ठेवायचे. दिवसभर ते जवळून गेले की कळायचं. आता मुलांना वाटतं अत्तर म्हणजे म्हाताऱ्यांची गोष्ट. म्हणून मी पुतण्याला घेऊन मिरजेच्या एका जुन्या अत्तरवाल्याकडे गेले.

पाटीवर लिहिलं होतं 'चंदन, १०० रुपये'. मी विचारलं, "चाचा, हे खरं चंदन का?" ते हसले. म्हणाले, "बहेनजी, चंदनाचं तेल किलोला लाखाच्या वर जातं. शंभर रुपयांत मी चंदनाचं नाव देतो, चंदन नाही देत." या प्रामाणिकपणावर मी त्यांच्याकडूनच माल घेतला.

हे समजून घेण्यासारखं आहे. अस्सल अत्तर उत्तर प्रदेशात कन्नौजला होतं. तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, खाली लाकडाची आच लावतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात, भपक्यात, उतरते. त्या भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं आणि ते फुलांचा वास धरून ठेवतं. असं अत्तर महागच असणार. शंभर-दोनशे रुपयांना जे मिळतं ते सुगंधी तेल: कारखान्यात तयार केलेला सुगंध आणि तो पातळ करायला एखादा बिनवासाचा तेलकट द्राव. पाटी 'अत्तर' म्हणते, इंग्रजी लेबल 'परफ्यूम ऑइल' म्हणतं, पण या किमतीला दोन्ही बहुधा एकच. ते वाईट असतं असं नाही. फक्त 'शुद्ध', 'अस्सल' या शब्दांना जास्त पैसे देऊ नका. घरी कागदावर टाकून शुद्धता ओळखता येते असं लोक सांगतात, पण तेलाचा डाग दोन्हींचा पडतो. त्यावरून काही कळत नाही.

कस्तुरीचंही तेच. आपल्या बायका मला नेहमी विचारतात, कस्तुरी अत्तर चालतं का? खरी कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या पोटाजवळच्या ग्रंथीतून मिळते. तो प्राणी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि हा व्यापार गुन्हा आहे. दुकानातली दीडशे रुपयांची कस्तुरी कृत्रिम असते, कधी कस्तुरभेंडीच्या बियांची. म्हणजे ती आपल्याला चालावी. पण कुणी 'असली कस्तुरी' म्हणून हळूच काही दाखवलं तर तिथून उठावं. ते खोटं असेल तर फसवणूक, खरं असेल तर हत्या.

आता निवड. चाचांनी एकेक काडी मनगटावर लावली. पुतण्याने पहिल्या झटक्यात जे आवडलं तेच मागितलं. मी म्हटलं, थांब, चहा घेऊन येऊ. सुगंधाचा वरचा हलका भाग दहा-पंधरा मिनिटांत उडतो. अर्ध्या तासाने जो उरतो तोच दिवसभर आपल्यासोबत राहतो. चहानंतर त्याचं आवडतं अत्तर डोक्यात जाणारं गोड झालं होतं आणि आधी नको म्हटलेला वाळा छान, मातकट गार लागत होता. तोच घेतला, ६ मिली, १८० रुपये. एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका, नाक थकतं.

लावायची पद्धत: स्वच्छ, कोरड्या त्वचेवर दोन टिपके. एक मनगटावर, एक कानामागे किंवा मानेला. चोळायचं नाही, टेकवायचं. काखेत कधीही लावायचं नाही, तिथली त्वचा नाजूक असते, खाज सुटते. शर्टावरही नाही, तेलाचा डाग निघत नाही. लिंबू-संत्र्याच्या जातीचं अत्तर लावून उन्हात फिरू नये, काहींच्या त्वचेवर त्याने काळे डाग उठतात. नवं अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघावं. लाल झालं तर ते आपलं नाही.

अत्तरात उडून जाणारं अल्कोहोल नसल्यामुळे सुगंध अंगाजवळ आणि हळूहळू सुटतो. बसमध्ये शेजारच्याच्या नाकात जात नाही. पण हाच त्याचा धोकाही आहे. आपल्या नाकाला अर्ध्या तासात सवय होते आणि उतरलं असं वाटून माणूस पुन्हा लावतो. एसीच्या बंद खोलीत चार टिपके म्हणजे दुसऱ्याला डोकेदुखी. दोन म्हणजे दोनच. दोन टिपक्यांत ती बाटली ६० दिवस गेली, रोजचे तीन रुपये.

ताळेबंद

पुतण्याचा नवा खर्च असा झाला: रोल-ऑन अडीच रुपये, अत्तर तीन रुपये, एकूण साडेपाच. महिन्याला १६५. आधीचे ५४०. वाचले ३७५. अत्तर नको असेल त्याने त्या जागी पंपाचा स्प्रे घ्यावा, हिशोब जवळजवळ तोच राहतो.

वाचलेल्या पहिल्या महिन्याच्या पैशांतून मी त्याला तीन सुती बनियन घ्यायला लावले. पॉलिएस्टरचा शर्ट बदलणं त्याच्या हातात नाही, पण आत सुती कापड असलं की घाम त्यात मुरतो. आणि शर्ट धुताना तो उलटा करून, काखेच्या जागी धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचा, मग नेहमीसारखा धुऊन उन्हात वाळवायचा. खरं सांगायचं तर निम्मा फरक या भिजवण्यानेच पडला.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. एवढं करूनही घाम शर्टातून टपकत असेल, तळहात-तळपायही सतत ओले राहत असतील, किंवा काखेत लाल चट्टे आणि खाज असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं. तिथे अत्तर किंवा रोल-ऑनचं काम नाही.

पर्युषणात आपण सुगंध बाजूला ठेवतो. पुतण्यानेही यंदा अत्तर ठेवून दिलं आणि नुसत्या रोल-ऑनवर दहा दिवस शोरूममध्ये गेला. तेव्हा त्याचा फोन आला. "मोठी आई, अत्तर नव्हतं तरी कुणी काही बोललं नाही. आणि सरांनी मला परत काउंटरवर घेतलंय."

मला त्या फोनमध्ये दोन्ही खाती जुळलेली दिसली. घामाचं काम झालेलं असेल तर सुगंध ही गरज राहत नाही, आवड राहते. आणि आवडीसाठी रोजचे तीन रुपये खर्च करायला माझी काही हरकत नाही.

तुमच्या घरातलं एखादं पोर असं भसाभसा फवारत असेल तर माझ्यासारखं आधी रागावू नका. जवळ बसवून विचारा, कुणी काही बोललं का म्हणून. हे त्याला बाहेरच्यांनी सांगण्याआधी घरच्या माणसाने सांगितलेलं बरं.